छोटा हत्ती किती किलोंचा?

नारायणगावच्या पट्ट्यातला टोमॅटोचा एक व्यापारी समोर बसला आहे असे धरू. त्याच्या मोबाइलवर एका पांढऱ्या छोट्या गाडीचा फोटो आला आहे. समोरून, किंचित कोपऱ्यातून काढलेला. नाकावर टाटाचे चिन्ह, नंबरप्लेटवर विकणाऱ्याचा अंगठा, हौद्यावर उंच लोखंडी जाळी, आणि खाली एक ओळ: ‘छोटा हत्ती, २०१६, एक टन पास, तीन लाख दहा.’ शेठची भूमिका सरळ आहे. ‘गाडी ओळखायला काय लागतं? तोंड बघितलं की कळतं. टाटाचा छोटा हत्ती आहे, एक टन भरतो, भाव कळला. आता दुसऱ्या गाडीच्या भावाशी ताडून बघायचा, संपलं.’ माझे म्हणणे असे की तोंड बघून गाडीचे घराणे कळते. शेठला हवे आहे ते वजन, आणि ते तोंडावर लिहिलेले नसते. फोटोतून खरोखर काय काढता येते आणि कुठे थांबावे लागते, याचा हिशेब नीट मांडला नाही तर दोन गाड्यांच्या भावांची तुलना सुरुवातीलाच चुकते.

आधी नावाचाच घोळ पाहा, शेठ. टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, सगळे धरून १५५० किलो वजनाची परवानगी आणि त्यातला माल सुमारे ७५० किलो. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि ते नाव इतके चालले की पुढे त्याच घराण्यात जे जे आले त्या सगळ्याला ते चिकटले. २०११ मध्ये आलेली एस झिप तिच्याहून लहान, एका सिलिंडरची, ६०० किलोंची. २०१५ची एस मेगा एक टनाची. तिघींचे तोंड एका वळणाचे आणि बाजारातले नावही एकच. तुम्ही ‘छोटा हत्ती’ म्हणालात तेव्हा ६०० पासून १००० किलोंपर्यंतची कुठलीही गाडी तुमच्या बोलण्यात बसते. शेठ म्हणतील, ‘चारशे किलोंचा फरक डोळ्याला दिसणार नाही का? मी रोज गाड्या बघतो.’ रस्त्यावर दिसतो, कारण तिथे शेजारी माणूस उभा असतो, दुसरी गाडी असते. फोटोत गाडी एकटीच असते आणि चौकट भरून असते, म्हणून लहान गाडीही मोठीइतकीच दिसते.

यावर एक युक्ती बरेच जण वापरतात. टायर मापाला धरायचा आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर किती टायरांचे आहे ते मोजायचे. युक्ती हुशारीची वाटते, पण नेमकी इथेच फसते. मूळ एसच्या दोन आसांमधले अंतर २१०० मिलिमीटर आहे आणि तिचा १२ इंची रिमचा टायर जेमतेम ५४० मिलिमीटर उंच. म्हणजे चाराला थोडे कमी. त्याच कंपनीची एक टनाची सुपर एस घ्या. अंतर २३८० मिलिमीटर, पण टायर १४ इंची रिमचा, सव्वासहाशे मिलिमीटरच्या आसपासचा. गुणोत्तर पुन्हा चाराला थोडे कमीच येते. जास्त वजनासाठी गाडी बनवताना कारखाना टायरही मोठा घेतो आणि सगळी गाडी जवळजवळ एकाच प्रमाणात वाढते. गाडीचाच एक भाग घेऊन दुसरा मोजलात, तर लहान आणि मोठी यांत फरक उरत नाही. माप बाहेरचे हवे, गाडी बदलली तरी न बदलणारे.

असे एक माप बहुतेक फोटोंत असतेच: नंबरप्लेट. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा आकार नियमाने ठरलेला आहे. अशा गाड्यांवर लांबट पट्टी असेल तर ती ५०० बाय १२० मिलिमीटरची, चौकोनी असेल तर ३४० बाय २००ची. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती मुळातच बसवून येते आणि जुन्या गाड्यांनाही आता बसवावी लागते. समोरून सरळ काढलेल्या फोटोत लांबट प्लेट बंपरवर असेल तर बंपरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती प्लेटा मावतात ते पट्टीने मोजा. एसची रुंदी दीड मीटर आहे, म्हणजे बरोबर तीन प्लेटा. अशोक लेलँडच्या दोस्तसारखी सव्वा टनाची गाडी सव्वातीन प्लेटांच्या पुढे जाते. प्लेट आणि बंपर कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात, म्हणून हे माप बऱ्यापैकी टिकते. हौद्याची लांबी मात्र या प्लेटने मोजू नका. हौदा मागे असतो आणि मागची वस्तू फोटोत आखडते. फोटो कोपऱ्यातून काढला असेल तर समोरचे मापही बिघडते, कारण एक बाजू कॅमेऱ्याला जवळ येते आणि एक लांब जाते. आता तुमच्या फोटोकडे या. तो कोपऱ्यातून काढला आहे आणि प्लेटवर अंगठा आहे. नंबर लपवायला लोक अंगठा ठेवतात, त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. पण आपल्या हातातले एकमेव भरवशाचे माप त्याने झाकले गेले आहे.

शेठ इथे हसतील. ‘एवढी मोजमापं करत बसायची? टायरवरच लिहिलेलं असतं की.’ ते बरोबर बोलत आहेत आणि हा मुद्दा मला मान्य आहे. टायरच्या बाजूवर साचा असतो. मूळ एसवर १४५ आर १२ असा आकडा येतो, म्हणजे १४५ मिलिमीटर रुंद टायर आणि १२ इंचांचा रिम. टनाच्या आणि त्यावरच्या गाड्यांत रिम सहसा १३ किंवा १४ इंचांचा होतो. चाकाचा एक स्वच्छ, जवळून काढलेला फोटो मिळाला तर वजनाचा वर्ग जवळपास हाती लागतो. टायर बदलता येतो हे खरे, पण रिमचा व्यास बदलून कोणी स्वस्तात गाडी फिरवत नाही, म्हणून ही खूण तोंडापेक्षा पक्की. मागच्या पाट्यांची मात्र उलटी गोष्ट आहे. रिकामी गाडी मागून उचललेली, नाकावर झुकलेली दिसली की शेठ खूश होतात: ‘पाटे वाढवलेत, जास्त भरेल.’ पाटे गावातल्या मिस्त्रीकडे एका दुपारी वाढवून मिळतात. त्याने आरसीवरचे वजन एका किलोनेही वाढत नाही. या उचललेल्या गाडीतून कळते ते इतकेच, की आधीच्या मालकाने ठरल्यापेक्षा जास्त माल भरला आणि तो रोज भरला. खरेदीदाराला ही खूण उपयोगाची आहे, पण ती भाव वाढवण्याच्या बाजूची नाही.

खरे वजन एकाच ठिकाणी लिहिलेले असते: आरसीवर. तिथे दोन आकडे शोधायचे. एक रिकाम्या गाडीचे वजन, दुसरे मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की माल किती ते कळते. इथे एक बारकावा आहे, जो व्यवहारात बहुतेक वेळा निसटतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि हमाल धरलेले नाहीत. ते दोघे बसले की त्यांचे वजनही मालाच्या वाट्यातून जाते. दोघांचे मिळून १३० किलो धरा. ७५० किलोंच्या गाडीत मालासाठी उरतात ६२०. वीस किलोंचा टोमॅटोचा क्रेट, प्लास्टिकसकट २२ किलो धरला तर गाडीत बसतात २८. नुसता ७५०ला २२ने भाग दिला असता तर ३४ आले असते. सहा क्रेट कागदावरच हवेत गेले. त्यात हौद्यावर लोखंडी जाळी चढवली आणि तिची नोंद झाली तर रिकामे वजन वाढते. एकूण वजन तेवढेच राहते, म्हणून माल आणखी कमी होतो. पत्र्याची बंद पेटी बसवलेल्या गाड्या फोटोत दणकट दिसतात, पण त्यांच्या मालाच्या वाट्याचे किलो त्या पेटीनेच खाल्लेले असतात. सीएनजीचेही तसेच. मारुतीच्या सुपर कॅरीत पेट्रोलच्या गाडीला ७४० किलो माल आणि सीएनजीच्या गाडीला ६२५, कारण टाकीचे वजन मालातूनच जाते. फोटोत दोघी जुळ्या बहिणी दिसतात.

‘हे सगळं आरटीओच्या कागदाचं झालं,’ शेठ म्हणतील. ‘माझा प्रश्न भावाचा आहे. मी किलोवर भाव काढतो. ही तीन लाख दहा हजारांत एक टन, म्हणजे किलोला ३१०. दुसरा एक जण दोस्त देतोय, २०१४ची, सव्वा टन, तीन लाख पंच्याहत्तर. किलोला ३००. फार फरक नाही. लहान गाडी गल्लीत जाते, मी तीच घेईन.’ हिशेबाची पद्धत चांगली आहे, शेठ. भाग देताना खालचा आकडा कुठून आला ते बघू या. दोस्तचे १२५० किलो आरसीवर पाहिले असे धरू. त्यातून दोन माणसे वजा केली की ११२० उरतात, म्हणजे ५० क्रेट. एका क्रेटच्या जागेला ७,५०० रुपये पडले. फोटोतली गाडी विकणारा म्हणतो तशी खरेच मेगा असेल तर १००० मधून १३० गेले, ८७० उरले, ३९ क्रेट. क्रेटला साधारण ७,९५० रुपये. इथपर्यंत तुमचे म्हणणे टिकते, फरक थोडाच आहे. पण ती साधी एस निघाली आणि जाळीची साठ किलोंची भर आरसीवर चढलेली असली, तर मालाचे ७५० नाही, ६९० किलो झाले. माणसे वजा जाता ५६०. क्रेट २५. तीन लाख दहा हजारांना २५ने भागा. एका क्रेटच्या जागेला १२,४०० रुपये. गाडी तीच, फोटो तोच, भावही तोच. एक नाव चुकीचे धरले की क्रेटमागची किंमत दीडपटीच्या पुढे जाते. रंग किती ताजा आहे किंवा सीट कव्हर नवे आहे का, यावरून दहा-पंधरा हजार कमी करून घेण्यात लोक तासभर घालवतात. मॉडेलच्या नावातला एवढा मोठा फरक त्यांच्या हातून तसाच जातो.

शेठचा पुढचा मुद्दा जास्त टोकदार आहे, आणि तो टाळून लेख पूर्ण होणार नाही. ‘तुम्ही कायद्याचं वजन धरून बसलात. बाजारात कोण तेवढंच भरतं? एसमध्ये ५० क्रेट भरलेले मी रोज बघतो. माझ्यासाठी खरा पेलोड म्हणजे गाडी ओढते तेवढा.’ हे खोटे नाही. एसमध्ये हजार-अकराशे किलो घेऊन चाललेल्या गाड्या कोणत्याही मंडईबाहेर दिसतात. पण मग तुलना करताना दोन्हीकडे तीच मोकळीक द्यायला हवी. एस ठरल्यापेक्षा जास्त ओढते म्हणता, तर दोस्तही ओढतेच. एका गाडीचे कागदावरचे वजन आणि दुसरीचे रस्त्यावरचे वजन घेऊन भाव ताडला, तर उत्तर हवे तसे येईल आणि त्याचा उपयोग शून्य असेल. दुसरे असे की जास्तीच्या वजनाची किंमत जुन्या गाडीत आधीच वसूल झालेली असते. ५० क्रेट म्हणजे ११०० किलो. २८ क्रेटांची सोय असलेल्या गाडीवर रोज ४८० किलो जादा. त्याचा भार चासीवर, मागच्या आसावर, ब्रेकवर आणि क्लचवर पडतो. चासीला भेग जाण्याची जागाही ठरलेली असते: मागचे पाटे जिथे चासीला टांगलेले असतात त्याच्या आसपास. तिथे वेल्डिंगचा डाग, वर ठोकलेली पट्टी किंवा नुसताच नवा काळा रंग दिसला, तर गाडी किती ओढते हे विचारण्याची गरज उरत नाही. दंडाचीही गोष्ट आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात ठरल्यापेक्षा जास्त वजनाला वीस हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. अर्धा टन जादा असला तरी वीस हजारांचा मूळ दंड तेवढाच. टोमॅटोच्या दिवसांत, दुपारी, रस्त्याच्या कडेला वीस-बावीस क्रेट उतरवून ठेवणे म्हणजे काय, हे शेठना सांगायची गरज नाही.

एका ठिकाणी मात्र शेठचा पक्ष माझ्यापेक्षा भक्कम आहे. ते म्हणू शकतात, ‘माझा माल रोजचा पंचवीस क्रेटच आहे. मोठी गाडी घेऊन हौदा रिकामा फिरवू का?’ अगदी बरोबर. तसे असेल तर क्रेटमागचा भाव काढून दोस्त स्वस्त ठरवणे हीच चूक होईल, कारण न वापरलेल्या पंचवीस जागांचे पैसे कोण देणार? शिवाय मोठ्या गाडीला डिझेल आणि टायर दोन्ही जास्त. अशा व्यापाऱ्याने दोस्त बाजूला ठेवावी. मग तुलना बदलते. आता समोरची गाडी इतर एसशी लावायची. २०१६ची, त्याच इंजिनाची, त्याच वजनाची दुसरी एस काय भावाने निघते ते पाहायचे. विकणारा तीन लाख दहा मागतो आहे ते मेगाचे म्हणून. तीच गाडी एस ठरली तर मागणीचा आधारच जातो. पंचवीस क्रेटवाल्यालाही वजनाचा वर्ग कळल्याशिवाय घासाघीस करता येत नाही.

वयाचेही असेच आहे. २०१६ हे साल बनवल्याचे की नोंदणीचे? वर्षाच्या शेवटी बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाते आणि विकणारा जे सोयीचे ते सांगतो. आरसीवर बनवल्याचा महिना-वर्ष वेगळा छापलेला असतो. छोट्या मालगाड्यांत वयाला एक जास्तीचा अर्थ आहे. पहिली आठ वर्षे पासिंग दोन-दोन वर्षांनी होते, नंतर दरवर्षी. २०१६ची गाडी आता दरवर्षीच्या पासिंगात आहे. म्हणून पासिंग कधी संपते हे भावात धरायला हवे. पुढच्या महिन्यात संपत असेल, तर ब्रेक, दिवे, टायर आणि रंगाचा खर्च आणि त्या दिवसांतले बुडालेले भाडे हे सगळे नव्या मालकाच्या खिशातून जाणार. याउलट कमी वजनाच्या गाड्यांना एक सवलत आहे: एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. एस, मेगा, दोस्त तिघीही या रेषेच्या आत आहेत, म्हणून या तुलनेत तो मुद्दा येत नाही. पण शेठ पुढे बोलेरो पिकअपसारख्या मोठ्या गाडीकडे वळले, तर एकूण वजनाचा आकडा ३०००च्या कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच भाव ताडावा.

‘मग एवढं सगळं फोनवरून कसं मिळणार? तुम्ही तर म्हणताय फोटो फसवतो.’ पहिला फोटो विकणाऱ्याने त्याच्या मर्जीने काढलेला असतो. दुसरा तुम्ही मागून घ्या. समोरून सरळ, कमरेच्या उंचीवरून, नंबरप्लेट मोकळी ठेवून एक. मागच्या चाकाचा, टायरवरचा आकडा वाचता येईल असा एक. हौद्यात फाळक्यापासून केबिनपर्यंत टेप लावून एक, कारण एसचा हौदा सात फुटांच्या थोडा वर आहे आणि मेगाचा आठच्या वर, आणि टेपला नाकावरच्या चिन्हाशी काही देणेघेणे नसते. मागच्या पाट्यांपाशी गाडीखालून एक. आणि आरसीच्या दोन्ही बाजू. नंबर मिळाला की mParivahan वर मॉडेल, इंधन आणि पासिंगची मुदत ताडता येते. चासी नंबरची पहिली तीन अक्षरे कंपनी सांगतात: एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमबी१ म्हणजे अशोक लेलँड. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षरशः एकच हवा. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसला, तर तिची एनओसी हाती येईपर्यंत भावाची गोष्ट पुढे नेण्यात अर्थ नाही.

शेठ एक शेवटची शंका काढतील. ‘इतके फोटो मागितले की समोरचा वैतागतो. दुसरं गिऱ्हाईक उचलून नेतं.’ असे होते, आणि चांगली गाडी हातची जाऊ शकते. म्हणून सगळे फोटो पहिल्याच फोनला मागू नयेत. आधी चाकाचा एक फोटो मागावा. तो काढायला अर्धे मिनिट लागते आणि त्यात कोणाला संशय वाटावा असे काही नाही. त्यावर १२ दिसले तर मेगाचा विषय संपला आणि तीन लाख दहाचाही. १३ किंवा १४ दिसले तर आरसी मागावी. आरसीचा फोटो येईपर्यंत ती गाडी ६९० किलोंची, २५ क्रेटांची धरून बोली लावावी. विकणाऱ्याला ती कमी वाटली, तर एक टन सिद्ध करायचा कागद त्याच्याच घरात आहे.